पीएच सगळ्यात स्थिर, वजन सगळ्यात चंचल? एका तक्त्याची उलटतपासणी

तक्ता चार रकान्यांचा होता. तळाची एक ओळ पिवळ्या रंगात रंगवलेली होती आणि त्या ओळीवरूनच अहवालातलं मुख्य वाक्य लिहिलं होतं: "चारही घटकांमध्ये शिंपल्याचं वजन सर्वाधिक अस्थिर असून पाण्याचा पीएच सर्वाधिक स्थिर आहे." एका विद्यार्थिनीने तलावातल्या दहा ठिकाणांहून एकेक रिकामा शिंपला उचलला होता. तो धुऊन, वाळवून त्याची लांबी आणि वजन घेतलं होतं, आणि त्याच ठिकाणच्या पाण्याचं तापमान व पीएच नोंदवलं होतं. अहवाल द्यायला दोन दिवस होते. "सर, फक्त गणित बरोबर आहे का तेवढं बघा," एवढंच तिचं म्हणणं होतं.

गणित बरोबर होतं. त्या पिवळ्या ओळीतली एकही आकडेमोड चुकलेली नव्हती, आणि तरी वर दिलेल्या वाक्याचे दोन्ही भाग टिकणारे नव्हते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. तक्ता असा:

| क्र. | लांबी (मिमी) | वजन (ग्रॅम) | तापमान (°से) | पीएच |
|---|---|---|---|---|
| १ | ३४ | ४.८ | २२ | ७.५ |
| २ | ३६ | ६.१ | २१ | ७.३ |
| ३ | ३७ | ६.३ | २३ | ७.६ |
| ४ | ३९ | ७.२ | २२ | ७.४ |
| ५ | ४० | ८.३ | २४ | ७.८ |
| ६ | ४० | ७.८ | २२ | ७.५ |
| ७ | ४१ | ८.६ | २० | ७.२ |
| ८ | ४३ | ९.७ | २१ | ७.४ |
| ९ | ४४ | १०.९ | २३ | ७.७ |
| १० | ४६ | १२.३ | २२ | ७.६ |
| सरासरी | ४० | ८.२ | २२ | ७.५ |
| प्रमाण विचलन | ३.७१ | २.२९ | १.१५ | ०.१८ |
| चलन गुणांक | ९.३% | २७.९% | ५.२% | २.४% |

चलन गुणांक म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत मांडलेलं. बोलताना सगळे त्याला सीव्हीच म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच म्हणतो. शीटमधलं सूत्र हे होतं:

```
=STDEV.S(B2:B11)/AVERAGE(B2:B11)
```

इथे `STDEV.S` आहे हे मी आधी पाहून घेतलं. दहाच नोंदी असताना चुकून `STDEV.P` वापरलं, तर भागाकार नऊऐवजी दहाने होतो आणि लांबीचा सीव्ही ९.३ ऐवजी ८.८ येतो. फरक लहान आहे, पण एका रकान्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं झालेलं मी बऱ्याच शीटमध्ये पाहिलंय. इथे तसं नव्हतं.

सीव्ही मुळात कशासाठी काढला होता

तिच्या आधीच्या मसुद्यात सीव्ही नव्हताच. तिथे तिने नुसती प्रमाण विचलनं शेजारी ठेवली होती आणि लिहिलं होतं की लांबीत सगळ्यात जास्त फरक आहे, कारण ३.७१ हा आकडा सर्वांत मोठा. कुणीतरी तिला विचारलं, "लांबी सेंटिमीटरमध्ये घेतली असतीस तर?" तर प्रमाण विचलन ०.३७ झालं असतं आणि वजनाचं २.२९ पुढे गेलं असतं. वजन मिलिग्रॅममध्ये घेतलं असतं तर २,२९० आणि मग स्पर्धाच संपली. शिंपले तेच, पट्टी तेवढी बदलली. मिलिमीटर मोठे की ग्रॅम मोठे, या प्रश्नाला अर्थच नसतो.

सरासरीने भागलं की ही अडचण जाते. लांबी मिमीमध्ये घ्या, सेंमीमध्ये घ्या की इंचात, वर आणि खाली तोच गुणक येतो आणि कटतो. उरतो तो शुद्ध आकडा: सरासरीच्या मानाने पसारा किती. कार्ल पिअर्सनने १८९६ साली ही कल्पना याच रूपात, टक्क्यांत, मांडली. स्त्रिया आणि पुरुष यांच्यात कोणाच्या शरीरमापांत जास्त विविधता असते, हा त्या काळातला वाद त्याच्या समोर होता. ज्यांची सरासरीच वेगळी, त्यांची प्रमाण विचलनं थेट ताडून पाहणं त्याला पटत नव्हतं.

म्हणजे ३.७१ आणि २.२९ सोडून ९.३ टक्के आणि २७.९ टक्के यांकडे जाणं हे योग्यच पाऊल होतं. गाडी रुळावरून घसरली ती त्यानंतर, कारण तिने ते पाऊल चारही रकान्यांवर सारखंच टाकलं.

तापमानाचा रकाना

मी तिला आधी तापमानच घ्यायला सांगितलं, कारण तिथली गडबड सगळ्यात लवकर दिसते. "हे सगळं फॅरेनहाइटमध्ये बदल आणि सीव्ही पुन्हा काढ."

२२ अंश सेल्सिअस म्हणजे ७१.६ अंश फॅरेनहाइट. प्रमाण विचलन १.१५ चं १.८ पट, म्हणजे २.०८. सीव्ही आला २.९ टक्के. मग केल्विनमध्ये: सरासरी २९५.१५, प्रमाण विचलन तेच १.१५, सीव्ही ०.३९ टक्के. ती स्क्रीनकडे बघत राहिली. पाणी तेच, थर्मामीटर तोच, आणि सीव्ही ५.२, २.९ किंवा ०.३९. एककांचा परिणाम पुसून टाकतो म्हणून तर हा गुणांक वापरायचा, आणि इथे एकक बदलताच तो तेरापट हलला.

कारण साधं आहे. मिमीतून सेंमीत जाताना आपण फक्त भागतो. सेल्सिअसमधून फॅरेनहाइटमध्ये जाताना गुणतो आणि वर ३२ मिळवतो. मिळवलेल्या ३२ ने सरासरी सरकते, पसारा मात्र सरकत नाही. त्यामुळे वरचा आकडा आणि खालचा आकडा एकमेकांना कापत नाहीत. आणि हे मिळवणं कुठून आलं? सेल्सिअसचा शून्य म्हणजे "तापमान नाही" असा शून्य नव्हेच. तो पाणी गोठण्याच्या बिंदूवर सोयीसाठी ठेवलेला आहे. लांबी शून्य म्हणजे लांबी नाही, वजन शून्य म्हणजे वजन नाही. तसं इथे नाही. सरासरी म्हणजे शून्यापासूनचं अंतर. तो शून्यच कुणीतरी सोयीने ठेवलेला असेल, तर त्या अंतराने भागून मिळालेल्या उत्तरात तीच सोय मिसळलेली असते.

याची आणखी एक खूण दाखवली. समजा थंडीत दहाही ठिकाणचं पाणी बरोबर वीस अंशांनी गार झालं. सरासरी २, प्रमाण विचलन अजूनही १.१५, कारण ठिकाणा-ठिकाणांतला फरक तसूभरही बदललेला नाही. सीव्ही मात्र ५८ टक्के. बर्फाखालच्या पाण्याची सरासरी शून्यावर आली तर भागाकारच होणार नाही, आणि हवेचं तापमान शून्याखाली गेलं तर सीव्ही उणे येईल. कुठल्याही रकान्यात उणे किमती असणं शक्य असेल, तर तिथे सीव्ही लावायचा नाही, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

"मग केल्विन वापरू का?" तिने विचारलं. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. केल्विनचा शून्य खरा आहे, त्यामुळे ०.३९ टक्के हा आकडा गणिताने अगदी निर्दोष आहे. पण तो शिंपल्यांबद्दल काय सांगतो? तलावातला प्राणी ० ते २९५ केल्विन या पट्ट्यात जगत नाही. त्याच्या दृष्टीने २० आणि २४ अंशांत मोठा फरक असू शकतो, आणि ०.३९ टक्के म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं की पाणी जवळजवळ एकसारखंच आहे. तापमानासाठी सीव्ही सोडून द्यायचा आणि "प्रमाण विचलन १.२ अंश" एवढंच लिहायचं. ते सगळ्यांना कळतं.

पीएचचा रकाना

"सर्वाधिक स्थिर" हा शिक्का पीएचवर बसला होता, २.४ टक्क्यांच्या जोरावर. तापमानाचं उदाहरण पाहून ती म्हणाली, "इथे शून्य खोटा आहे का?" शून्य खोटा आहेच, पण पीएचची अडचण त्याहून खोल आहे. पीएच ही मुळात लॉग घेतलेली राशी आहे. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांच्या संहतीचा दहाच्या पायावरचा लॉग, उणे चिन्हासह. पीएच एकाने घटला की आयन दहापट होतात.

मग मी तिला दहा नोंदी परत संहतीत बदलायला लावल्या. नॅनोमोल प्रति लिटर हे एकक घेतलं की आकडे हाताळायला सोपे पडतात, सूत्र `=10^(9-E2)`. ७.२ ला ६३ आले, ७.५ ला ३१.६, ७.८ ला १५.८. दहांची सरासरी ३४.२, प्रमाण विचलन १४.४. सीव्ही ४२ टक्के.

म्हणजे ज्या रकान्याला अहवालाने सगळ्यात स्थिर म्हटलं होतं, तोच चौघांत सगळ्यात चंचल निघाला. वजनाच्या २७.९ टक्क्यांनाही त्याने मागे टाकलं. एका टोकाच्या पाण्यात दुसऱ्या टोकापेक्षा चौपट हायड्रोजन आयन होते, आणि "२.४ टक्के" वाचणाऱ्या कुणालाही त्याचा सुगावा लागला नसता.

इथे एक छोटी गंमत आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच. पीएचचं प्रमाण विचलन ०.१८२६ होतं. त्याला २.३०३ ने गुणा; हा दहाचा नैसर्गिक लॉग. उत्तर येतं ०.४२०. म्हणजे ४२ टक्के, जे आपण लांबच्या रस्त्याने काढलं होतं तेच. हा योगायोग नाही. लॉगमध्ये गुणाकाराची बेरीज होते, त्यामुळे "किती पट" हा फरक लॉगच्या पट्टीवर "किती अंतर" असा दिसतो. लॉग घेतलेल्या राशीचं प्रमाण विचलन हाच मुळात सापेक्ष पसारा असतो. त्याला पुन्हा सरासरीने भागणं म्हणजे एकदा सोललेलं फळ पुन्हा सोलायला घेणं. डेसिबल आणि भूकंपाची तीव्रता यांनाही हेच लागू आहे. त्यांचं प्रमाण विचलन तसंच ठेवावं.

उलट दिशेनेही हे चालतं. लांबीच्या दहा आकड्यांचा नैसर्गिक लॉग घेऊन प्रमाण विचलन काढलं, तर ०.०९३ येतं आणि सीव्ही होता ९.३ टक्के. सीव्ही लहान असेपर्यंत, वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत, ही दोन उत्तरं जवळजवळ एकच असतात. त्याच्या पुढे ती हळूहळू फाकत जातात. पीएचच्या बाबतीत ४२ टक्क्यांनाही ती इतकी जवळ आली, हे त्या दहा आकड्यांचं थोडं नशीबही आहे.

उरले दोन: लांबी आणि वजन

आता तक्त्यात दोनच खरे स्पर्धक राहिले. दोघांचा शून्य खरा, दोघांत लॉग नाही, उणे किंमत शक्य नाही. ९.३ आणि २७.९. "म्हणजे वजन सर्वाधिक अस्थिर, हे तरी बरोबर आहे ना?" तिचा प्रश्न रास्त होता. पुस्तकात तर इथेच थांबतात. तिच्या अहवालात पुढे दोन परिच्छेद होते: वजनावर परिसराचा परिणाम जास्त होतो, लांबी आनुवंशिक असल्यामुळे बांधलेली राहते, वगैरे.

मी तिला फक्त दोन शिंपले टेबलावर ठेवायला सांगितले, क्रमांक सहा आणि क्रमांक नऊ. एक ४० मिमीचा, दुसरा ४४ मिमीचा. लांबीत दहा टक्क्यांचा फरक. आकार अगदी सारखा, जणू एकाची फोटोकॉपी मोठी करून दुसरा केलेला. "लांबी दहा टक्क्यांनी वाढली, तर रुंदी?" तीही दहा टक्क्यांनी. "आणि कवचाची जाडी?" तीही साधारण तेवढीच. मग वजन किती वाढेल? १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३१. एकतृतीयांश जास्त. तक्त्यात पाहिलं तर ७.८ वरून १०.९, म्हणजे जवळपास ४० टक्के. दुसरा ४० मिमीचा शिंपला, ८.३ ग्रॅमचा क्रमांक पाच, घेतला तर ३१ टक्के. हिशोबाचा आकडा या दोघांच्या मध्ये बसतो.

वजन हे लांबीच्या घनाबरोबर जातं. त्यामुळे लांबी लहान टक्क्याने हलली की वजन साधारण तिप्पट टक्क्याने हलतं. आकार पूर्णपणे सारखे असलेल्या शिंपल्यांच्या ढिगात लांबीचा सीव्ही ९.३ असेल, तर वजनाचा सीव्ही २८ च्या आसपास यायलाच हवा. आला किती? २७.९. भागाकार ३.०. म्हणजे वजनाने आपल्या बाजूने काहीच जादा अस्थिरता आणलेली नाही. जी होती ती सगळी लांबीतलीच, तीनदा मोजलेली.

हे ताडून पाहायचा सोपा मार्ग म्हणजे वजनाचं घनमूळ घेणं. घनमूळ घेतलं की वजनही लांबीच्या जातीचं होतं. तिने दहा घनमुळं काढली: १.६९ पासून २.३१ पर्यंत. सरासरी २.००, प्रमाण विचलन ०.१८८, सीव्ही ९.४ टक्के. लांबीचा ९.३. आता "कोण जास्त अस्थिर" या प्रश्नाचं उत्तर "दोघं सारखेच" असं आहे, आणि आनुवंशिकतेचे ते दोन परिच्छेद निराधार झाले. ती ते खोडताना जरा हळहळली. चांगले लिहिले होते.

इथेच एक जपायची गोष्ट. तिप्पट हा आकडा आकार आणि जाडी दोन्ही सोबत वाढतात या गृहीतकातून आला. काही प्रजातींत कवच वाढतं पण जाडी फारशी बदलत नाही. तिथे वजन क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे लांबीच्या वर्गाबरोबर जाईल आणि वजनाचा सीव्ही दुप्पटच्या जवळ असेल. वजनाचा लॉग आणि लांबीचा लॉग आलेखावर मांडला, की रेषेचा चढ खरा घातांक सांगतो. म्हणून आंधळेपणाने घनमूळ घेऊ नये. आधी चढ बघावा. पण काहीच न बघता लांबीचा सीव्ही आणि वजनाचा सीव्ही शेजारी ठेवणं त्याहून वाईट. लांबी, क्षेत्रफळ, आकारमान यांच्या सीव्हींची थेट तुलना केली, तर आकारमान जवळपास नेहमीच जिंकणार. त्याच्या चंचलतेसाठी कोणतंही जीवशास्त्र लागत नाही, भूमिती पुरते.

दहा नोंदींवरून काढलेल्या सीव्हीवर किती विसंबायचं, हेही तिला सांगावं लागलं, कारण ९.३ आणि ९.४ यांत तिला "फरक" दिसू लागला होता. नोंदी प्रसामान्य वितरणातून आल्यात असं मानलं, तर दहा नमुन्यांवरून लांबीच्या खऱ्या सीव्हीची ९५ टक्क्यांची कक्षा साधारण ६.४ ते १७ टक्के येते. दशांशानंतरच्या आकड्यावर बोलायला जागाच नाही. माझा स्वतःचा नियम असा की तीसच्या खाली नोंदी असतील, तर सीव्ही पूर्णांकात लिहावा.

पिल्लांचा दुसरा तक्ता

हे सगळं उरकल्यावर तिने बॅगेतून आणखी एक कागद काढला. तीस लहान शिंपले, जिवंत, सरासरी लांबी १२ मिमी, प्रमाण विचलन १.५ मिमी, सीव्ही १२.५ टक्के. मोठ्यांचा ९.३. तिच्या मनात वाक्य तयार होतं: पिल्लांमध्ये विविधता जास्त असते, वाढताना ती कमी होत जाते. इथे एकक एकच, परिमाण एकच, शून्य खरा. म्हणजे सीव्हीच्या वापराला आक्षेप घ्यायला वरवर काही नव्हतं.

मी विचारलं, "मोजली कशी?" मोठे शिंपले रिकामे होते, ते व्हर्नियर कॅलिपरमध्ये धरून मोजले आणि आकडा जवळच्या मिमीला पूर्ण केला. पिल्लं जिवंत म्हणून काढायची नव्हती. काचेच्या तबकाखाली आलेख कागद ठेवून, वरून पाण्यातून बघत मोजली. पाण्यातून, डोळा सरळ वर आहे की तिरका यावर आकडा बदलणार, आणि पिल्लं हलत होती ते वेगळंच.

मग तिने त्याच दिवशी परत जाऊन त्याच पिल्लांपैकी वीस पुन्हा मोजली, पहिले आकडे न बघता. प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक काढला. त्या फरकांचं प्रमाण विचलन आलं १.४ मिमी. फरकात दोन मापांच्या चुका एकत्र येतात, म्हणून त्याला दोनच्या वर्गमूळाने भागायचं: एका मापातली चूक साधारण १ मिमी.

आता पिल्लांच्या १.५ मिमी पसाऱ्यात मापनाची ही १ मिमीची चूक मिसळलेली आहे. प्रमाण विचलनं थेट वजा होत नाहीत, त्यांचे वर्ग होतात. १.५ चा वर्ग २.२५, त्यातून १ गेला, उरला १.२५, त्याचं वर्गमूळ १.१२ मिमी. ते भागिले १२ म्हणजे ९.३ टक्के. मोठ्यांच्या बाबतीत कॅलिपरची चूक अर्ध्या मिमीच्या आत धरली, तर ३.७१ मधून ती वजा केल्यावर सीव्ही ९.२ उरतो. पिल्लांची ती "जादा विविधता" पाण्यातून वाकलेल्या नजरेची होती.

हे सीव्हीचं नेहमीचं दुखणं आहे. आपण सरासरीने भागतो तेव्हा मनात एक गृहीतक असतं की पसारा सरासरीच्या प्रमाणात वाढतो. वाढीतून आलेल्या फरकांना ते बऱ्याचदा लागू पडतं. मापनाची चूक मात्र बहुधा ठरावीक असते. शिंपला १२ मिमीचा असो की ४० चा, डोळा तेवढाच चुकतो. ठरावीक चुकीला लहान सरासरीने भागलं की टक्का फुगतो. म्हणून लहान सरासरीच्या गटाचा सीव्ही मोठा आला, की मी आधी उपकरणाकडे बघतो, मग निसर्गाकडे. रासायनिक तपासण्यांमध्ये हे रोजचं आहे. संहती ओळखमर्यादेच्या जवळ आली की त्याच यंत्रावरचा सीव्ही भराभर चढतो, म्हणून तिथे सीव्ही कोणत्या पातळीला मोजला हे सोबत सांगावंच लागतं.

गृहीतक लागू आहे की नाही हे तपासायला दोनच गट पुरत नाहीत. तिला पुढच्या वेळी लांबीनुसार चार-पाच गट करायला सांगितलं: १० ते १५, १५ ते २०, असं चढत. प्रत्येक गटाची सरासरी आडव्या अक्षावर आणि प्रमाण विचलन उभ्या अक्षावर. ठिपके शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसले तर सीव्ही वापरायला हरकत नाही. रेषा उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदत असेल, तर तेवढा भाग सरासरीशी संबंध नसलेला आहे, आणि सीव्ही लहानांवर अन्याय करणार. फक्त हे गट ठिकाण, वय किंवा महिना यावरून पाडावेत, लांबीच्याच कप्प्यांनी नाही, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं. लांबीचे कप्पे पाडून लांबीचंच प्रमाण विचलन काढलं, तर कप्प्याची रुंदीच पसारा ठरवते. रात्री फोन करून ते सुधारलं.

अहवालात शेवटी काय गेलं

पिवळी ओळ राहिली, पण तीत दोनच खाने भरलेले होते: लांबी ९ टक्के आणि वजन २८ टक्के, आणि वजनाखाली कंसात "घनमूळ घेतल्यावर ९". तापमानाच्या खाली "२२ ± १.२ °से", पीएचच्या खाली "७.२ ते ७.८, हायड्रोजन आयनांत चौपट फरक". मुख्य वाक्य असं झालं: "शिंपल्यांची लांबी आणि वजन यांचा सापेक्ष पसारा, परिमाणाचा फरक लक्षात घेतल्यावर, सारखाच आहे." पिल्लांचा तक्ता तिने अहवालातून काढून ठेवला. पुढच्या खेपेला ती तबकाच्या वर कॅमेरा सरळ बसवून, पाण्याची पातळी दोन मिमीवर ठेवून मोजणार आहे, आणि प्रत्येक पिल्लू दोनदा.